शंभरातली ब्याण्णव मुलं

वहिनीनं कागद आपटले ते नेमके ताईच्या ताज्या साच्यावर. वीस मिनिटं खपून एका पोराच्या कानाचा साचा तिनं घासून गुळगुळीत केला होता. तो टेबलावरून उडाला आणि बेसिनमध्ये जाऊन पडला.

"शुक्रवारी चारच्या आत छापखान्यात पोचायला हवं," वहिनी म्हणाली. साच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. "स्लाइड नऊ आणि स्लाइड बारा. दोन पानी पत्र कर. तुला पत्रं बरी लिहिता येतात म्हणे."

'म्हणे' तर म्हणे. दहा वर्षं संस्थेची आभाराची पत्रं ताईच लिहीत आली होती, आणि ती वाचून लोक पुढच्या वर्षी पुन्हा पैसे पाठवत होते. पण हे वहिनीच्या तोंडून निघालं असतं तर सूर्य पश्चिमेला उगवला असता.

संस्था घरचीच. कमी ऐकू येणाऱ्या मुलांना कानामागे लावायची यंत्रं फुकट द्यायची, हे काम आईनं सुरू केलं. आई गेल्यावर दादा संचालक झाला आणि वहिनी देणगीदारांपुढची सादरीकरणं करू लागली. त्याच्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे ताईकडे, आली ती कॉरिडॉरच्या टोकाची खोली. तिथं ती कानाचे साचे बनवायची आणि खिडकीतून बॅटऱ्या द्यायची. ही खोली दिसायला काही खास नव्हती. एक बेसिन, एक छोटं ड्रिल, एक खुर्ची आणि सिलिकॉनचा वास. पण यंत्र कानामागे बसतं आणि त्याचा आवाज कानात जातो तो साच्यातून. प्रत्येक कानाचा साचा वेगळा. पोर वाढतं तसा कान वाढतो, साचा बिचारा आहे तेवढाच राहतो. मग तो सैल पडतो, आवाज फटीतून बाहेर गळून यंत्रात परत शिरतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. त्यावर नवीन साचा हाच इलाज. ताईच्या मते संस्थेचा जीव ह्या खोलीत होता. वहिनीच्या मते ही अडगळ होती.

"सादरीकरण झालं ना तुमचं? टाळ्या पडल्या म्हणे," ताईनं 'म्हणे' व्याजासकट परत केलं.

"पडल्या. तिथे पडद्यावर दाखवायला मी उभी होते. आता जुन्या चार हजार देणगीदारांना घरी पत्र जायचंय. ती म्हातारी माणसं, पडदा बघायला येत नाहीत, कागद वाचतात." वहिनी दारात वळली. "आणि रडगाणं नको. स्लाइडवर आहे तेच, फक्त गोड कर."

ताईनं साचा बेसिनमधून काढला, पुसला, मग कागद हातात घेतले.

नवव्या स्लाइडवर एका मुलीचा हसरा फोटो होता आणि बाजूला मोठ्या अक्षरांत तीन ओळी. 'तीन वर्षांत १२६० मुलांना यंत्रं.' 'शंभरातली ब्याण्णव मुलं यंत्र नियमित वापरतात.' 'शाळा, मैत्री, आत्मविश्वास!' बाराव्या स्लाइडवर उगवता सूर्य, दोन जोडलेले हात, 'एक यंत्र, एक नवं आयुष्य' आणि खाली 'आमच्यासोबत या. धन्यवाद.' सूर्य, हात, आयुष्य! एवढंच बघून कोणी खिशात हात घालणार असेल तर तो मांडी खाजवायलाच.

पण वहिनीनं छापताना एक घोटाळा केला होता. स्लाइडच्या खाली बोलणाऱ्यासाठी ज्या टिपा लिहितात, ज्या पडद्यावर दिसत नाहीत, त्यांच्यासकट कागद काढले होते. बाराव्या स्लाइडखालची टीप ताईनं वाचली. मग पुन्हा वाचली.

'प्रश्न आल्यास सांगणे: वापर ब्याण्णव टक्के असल्यामुळे साचा-बॅटरी खोलीची आता गरज नाही. पुढच्या वर्षीपासून बंद. सगळा निधी नव्या यंत्रांना.'

म्हणजे ताईच्याच हातून पत्र लिहून घ्यायचं, आणि त्याच पत्रानं तिच्याच खोलीला कुलूप ठोकायचं! बकऱ्यालाच सुरी धुवायला लावायचं. वा गं वहिनी, धन्य आहेस.

ती तरातरा दादाच्या केबिनमध्ये गेली.

"खोली बंद करतोयस?"

दादानं चष्मा काढला. त्याला बायकोची भीती आणि बहिणीची लाज, त्यामुळे तो दोघींकडेही सरळ बघत नसे. "अगं, अजून ठरलं नाही. पत्राला कसा प्रतिसाद येतो त्यावर आहे."

"पत्रात यंत्रासाठी मागायचं आणि आलेल्या पैशांतून थोडे साच्यांना द्यायचे. त्यात काय?"

"नाही ना देता येत. ज्या कामासाठी मागितले त्याच कामाला लावायचे, हा नियम आहे. पत्रात यंत्र लिहिलं की यंत्रच. हिशेब तपासणारे एक बॅटरीसुद्धा त्यातून घेऊ देणार नाहीत." तो थांबला, मग उगाचच हलक्या आवाजात म्हणाला, "आणि छोटे, शंभरातली ब्याण्णव मुलं वापरतायत म्हटल्यावर दुरुस्तीचा खर्च देणगीदाराला पटवायचा कसा?"

"हा ब्याण्णवचा आकडा आणला कुठून तिनं? आकाशातून?"

दादानं खण उघडला आणि एक निळी वही टेबलावर ठेवली. ताईचीच वही, तिच्याच अक्षरातली. बॅटरीच्या खिडकीवर मूल आलं की नाव, तारीख आणि शेवटच्या रकान्यात 'वापर चालू' म्हणून बरोबरची खूण. तीनशे चाळीस नावं, त्यांतल्या तीनशे तेरांपुढे खूण.

"तुझ्याच खुणा आहेत," दादा म्हणाला. "तिनं फक्त टक्केवारी काढली."

वही उचलून ताई खोलीत परत आली आणि खुर्चीत बसली. खिडकीवर कोण येतं? बॅटरी संपलेलं मूल येतं. बॅटरी कोणाची संपते? जो यंत्र लावतो त्याची! ज्यानं यंत्र कपाटात फेकलं तो कशाला येईल मरायला? पोहायच्या तलावावर उभं राहून आलेल्यांना विचारायचं, 'पोहता येतं का?', आणि घरी येऊन सांगायचं की अख्ख्या गावाला पोहता येतं. तीन वर्षं हीच गंमत ती करत होती, आणि वर प्रत्येक खुणेगणिक मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती. बाराशे साठातली तीनशे चाळीस मुलं खिडकीवर आली. उरलेली नऊशे वीस कुठं आहेत, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. वहिनीनं खोलीवर कुऱ्हाड उचलली खरी, पण तिचा दांडा ताईनंच घालून दिला होता.

स्वतःचा राग आला की माणूस तो दुसऱ्यावर काढतो. ताईनं तो फोनवर काढला.

न आलेल्या नऊशे वीस मुलांच्या यादीतून तिनं दर विसावं नाव घेतलं, म्हणजे आवडती निवडली असं कोणी म्हणायला नको. शेहेचाळीस नावं निघाली. मंगळवारभर आणि बुधवारी दुपारपर्यंत ती फोन लावत बसली. अडतीस जणांनी उचलला. अकरा घरी यंत्र चालू होतं, बॅटऱ्या ते बाजारातून आणत होते. सत्तावीस घरी बंद. कुणाचं कपाटात होतं, कुणाचं शिवणाच्या डब्यात. एका बापानं ते रेडिओचा भाग समजून भंगारात दिलं होतं. 'शिट्टी मारतं.' 'कान दुखतो.' 'बॅटरी कुठं मिळते ते माहीत नाही.' एक आजी तर म्हणाली, "बाई, तुमचं यंत्र ठणठणीत आहे. आमचा नातूच वाढला."

शेवटचा फोन यादीबाहेरचा होता. पत्रावर कुणाचा फोटो आणि गोष्ट छापायची तर आईबापाची लेखी परवानगी लागते, आणि नवव्या स्लाइडवरच्या मुलीची परवानगी फक्त सादरीकरणापुरती होती. ताईनं तिच्या आईला फोन लावला. आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची, मागे मशिनांची घरघर ऐकू येत होती.

"यंत्र का?" आई म्हणाली. "दीड वर्ष झालं बंद आहे. शिट्टी वाजते म्हणून वर्गात तिला 'किटली' म्हणतात. एके दिवशी तिनंच काढून मोज्यात गुंडाळून ठेवलं. आम्ही दोनदा तुमच्याकडे फोन केला होता. एक बाई म्हणाल्या, कळवतो."

"कोण बाई?"

"मला काय ठाऊक. बाईच होत्या." मशीन थांबलं. "आज कशी आठवण झाली? सही पाहिजे असेल."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो," ताई म्हणाली. "सही पाहिजे."

"शुक्रवारी सुट्टी आहे. येते." फोन बंद.

त्या संध्याकाळी ताई पत्र लिहायला बसली. स्लाइडवरची वाक्यं कागदावर घेतली तर ती मेल्यासारखी दिसू लागली. त्यात नवल काय? स्लाइडशेजारी बोलणारं माणूस उभं असतं, तुटक शब्दांना तेच जोडून घेतं. पत्राजवळ कुणी उभं नसतं. पत्र एकटंच एखाद्याच्या दारात जातं, आणि तो माणूस चहा पिता पिता ठरवतो की वाचायचं का रद्दीत टाकायचं. म्हणून चार हजार जणांना लिहायचंच नाही, एकाला लिहायचं. बाराशे साठ मुलं दाखवायचीच नाहीत, एक दाखवायची. आणि 'आमच्यासोबत या' म्हणून मोघम हात पसरायचे नाहीत. नेमकं काय पाहिजे, कशासाठी पाहिजे, कधीपर्यंत पाहिजे, ते सांगायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दहा वर्षं आलेली उत्तरं वाचून समजलं होतं.

पहिला मसुदा तिनं मोठ्यानं वाचला आणि फाडला. त्यात 'आपल्या उदार अंतःकरणास' आलं होतं. दुसरा फाडला, त्यात ती स्वतःच फार रडत होती. तिसरा ठेवला.

'तुम्ही दिलेलं एक यंत्र सध्या एका मोज्यात आहे,' अशी सुरुवात होती. 'यंत्र चांगलं आहे. ते जिच्या कानाचं आहे ती मुलगी नऊ वर्षांची आहे. तिचा कान वाढला आणि साचा लहान पडला, म्हणून यंत्र शिट्टी मारू लागलं. वर्गात तिला किटली म्हणू लागले, तेव्हा तिनं ते काढून ठेवलं. आम्ही तुम्हाला कळवत आलो की शंभरातली ब्याण्णव मुलं यंत्र वापरतात. तो आकडा फक्त आमच्या खिडकीवर आलेल्या मुलांचा होता. न आलेल्यांपैकी शेहेचाळीस घरी आम्ही फोन लावले. अडतीस जण बोलले. सत्तावीस घरी यंत्र बंद आहे. हे आम्हाला फार उशिरा कळलं. ह्या वर्षी आम्ही तुमच्याकडे नवं यंत्र मागत नाही. तुम्ही आधीच दिलेलं यंत्र पुन्हा बोलतं करायला एक साचा आणि वर्षभराच्या बॅटऱ्या मागतो. शाळा उघडायच्या आत.'

अगदी खाली ता. क. लिहायला तिनं जागा सोडली. पत्र आलं की लोक आधी आपलं नाव बघतात आणि मग ता. क. वाचतात. पण तिथं काय लिहावं, ते काही सुचेना.

शुक्रवारी अकराला केबिनमध्ये तिघं बसली. वहिनीनं स्वतःचंही एक पत्र टाइप करून आणलं होतं. तिला काय आधीच वास लागला नव्हता? आधी ताईचा कागद तिनं वाचला. वाचता वाचता तिचे ओठ आवळत गेले.

"हे देणगीचं पत्र आहे का गुन्ह्याची कबुली?"

"खरं आहे ते."

"खरं! झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आणि ही बया चार हजार घरी टपालानं मूठ उघडून पाठवतेय. 'तुमचं यंत्र मोज्यात आहे'! अहो, वाचलंत का तुम्ही? उद्या कोण देईल एक पैसा तरी?"

"ज्यानं दिलंय त्याला आपलं दिलेलं वाया जाऊ नये असं वाटतं, वहिनी. तोच पुन्हा देईल."

"मला नको शिकवू. वर्षभर लोकांच्या ऑफिसांच्या पायऱ्या मी झिजवते. तू खिडकीत बसून बॅटऱ्या वाटतेस." वहिनी पुढे झुकली. "आणि एवढा सत्याचा पुळका आजच कसा आला गं? तीन वर्षं खुणा करताना कुठं गेलं होतं सत्य? खोली जाणार कळलं तेव्हा आठवलं! नऊशे पोरांसाठी नाही लिहिलंस हे. आपल्या खुर्चीसाठी लिहिलंस."

हे वर्मी बसलं, कारण निम्मं खरं होतं. निम्मं खरंच जास्त झोंबतं.

"खुर्चीसाठी तर खुर्चीसाठी," ताईचा आवाज चढला. "पण तुमच्यासारखं पोरांच्या हसऱ्या फोटोवर सूर्य नाही उगवत मी! त्या मुलीची आई दोनदा फोन करून थकली. कोणी घेतला होता तो फोन? कळवतो कोण म्हणालं?"

"दिवसाला पन्नास फोन येतात! मी काय एकेक लिहून ठेवू?"

"हो! लिहूनच ठेवायचे असतात!"

"दोघी जरा..." दादा म्हणाला. दोघींनीही त्याला मोजलं नाही.

तेवढ्यात दार वाजलं. शिवणवाली आई आत आली, आणि तिच्या मागून नवव्या स्लाइडवरची मुलगी. फोटोपेक्षा वीतभर उंच झालेली, पण हसत अजिबात नव्हती. आईच्या हातात मोजा होता, निळ्या पट्ट्यांचा.

दादा गडबडून उठला. "या, या. बसा. माफ करा हं, मुलीसमोर असं..."

"भांडा खुशाल," आई म्हणाली. "तिला काही ऐकू येत नाही."

वहिनी सगळ्यांत आधी सावरली. तिनं आवाजाला साखर लावली, आपलं पत्र पुढे केलं आणि पेन वर ठेवलं. "फक्त इथे सही करायची. तुमच्या मुलीबद्दल किती छान लिहिलंय बघा."

आईनं पत्र सावकाश वाचलं. शिवणकाम करणारी बाई ती, टाका न् टाका बघायची सवय. मग एका ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "'आज ती वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करते, कारण तिला प्रत्येक शब्द ऐकू येतो.'" तिनं वहिनीकडे पाहिलं. "हे तिला वाचून दाखवा. तिनं हात वर केला तर सही करते."

वहिनीची मान खाली गेली. ताईला क्षणभर गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला. तिनं पटकन आपलं पत्र पुढे सरकवलं.

तेही आईनं वाचलं, तेवढ्याच सावकाश. 'किटली'पाशी तिचं बोट थांबलं, मग खाली सरकलं आणि पुन्हा थांबलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"'हे आम्हाला फार उशिरा कळलं.'" आईनं कागद खाली ठेवला. "कळलं कसं नाही? मी दोनदा सांगितलं. आणि तुम्ही, आम्ही तुमच्या खिडकीवर आलो नाही म्हणून दीड वर्षात एकदा तरी फोन लावलात? पत्र छापायचं निघालं तेव्हा लावलात. ह्या मॅडम खोटं गोड लिहितात, तुम्ही खरं गोड लिहिता. मला दोन्ही नको." तिनं मोजा टेबलावर ठेवला, वहिनीच्या पत्रावरच. "आधी साचा. मग सहीचं बघू."

ताईच्या गुदगुल्या तिथंच विरल्या. तिनं मोजा आणि आपलं पत्र उचललं, आणि मुलीला हातानं 'चल' अशी खूण केली.

खोलीत मुलगी खुर्चीवर ताठ बसली, सुई टोचणार असल्यासारखी. ताईनं टॉर्चच्या उजेडात कान तपासला, मळ नव्हता. दोरा बांधलेला स्पंजचा बोळा आत सरकवला, म्हणजे सिलिकॉनचा लगदा कानाच्या पडद्यापर्यंत जात नाही. कायमचा साचा बनायला दोन दिवस लागतात. पण कानातच घट्ट होणारं एक सिलिकॉन असतं, त्याचा कामचलाऊ साचा तासाभरात होतो. दोन डब्यांतला लगदा तिनं तळहातावर मळला, एकरंगी होईपर्यंत, पिचकारीत भरून कानात सोडला, आणि तोंड हलवू नको असं स्वतःचे गाल दाबून दाखवलं. मुलीनंही गाल दाबले. पाच मिनिटं दोघी एकमेकींकडे गाल दाबून बघत बसल्या. मग दोरा ओढला, साचा अलगद बाहेर आला. कडा कापल्या, ड्रिलनं भोक पाडलं, नळी ओवली, यंत्राला जोडली, नवी बॅटरी घातली.

आई भिंतीला टेकून सगळं बघत होती. "हे एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

"एवढ्यासाठी दीड वर्ष?"

ताईनं टेबलावरचं आपलं पत्र ओढलं. 'हे आम्हाला फार उशिरा कळलं' ही ओळ खोडली, आणि वर लिहिलं, 'हे आम्ही कुणाला विचारलंच नाही. एका आईनं दोनदा फोन केला, तो आम्ही लिहूनही ठेवला नाही.' मग खाली, जिथं इतका वेळ काही सुचत नव्हतं तिथं, लिहिलं: 'ता. क. ह्या मुलीचा नवा साचा आज बसवला. एक तास लागला. तिच्या आईनं आम्हाला विचारलं, एवढ्यासाठी दीड वर्ष? आमच्याकडे उत्तर नाही. उरलेल्या मुलांच्या आयांना पुन्हा हे विचारायला लागू नये, म्हणून हे पत्र.'

तिनं कागद आईपुढे धरला. आईनं वाचला, पेन मागितलं आणि सही केली. "फोटो मात्र तो हसरा नको," ती म्हणाली. "तिचा हात छापा. हातात मोजा."

ताईनं साचा मुलीच्या कानात बसवला, फिरवून घट्ट केला आणि बटण दाबलं. शिट्टी नाही. मुलीचे डोळे नुसते मोठे झाले.

आणि नेमकी त्याच वेळी वहिनी दारातून घुसली, मागून दादा. "दोन वाजले! चारला छापखाना बंद होतो, तुमचं काय चाललंय इथं? दुसरं मूल शोधायला वेळ आहे का आता?"

"नाही," ताई म्हणाली. "आणि सही झालेलं पत्र एकच आहे." तिनं ते दादापुढे धरलं. "वाच आणि सही कर."

दादानं उभ्याउभ्या वाचलं. ता. क.पाशी आल्यावर त्यानं चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"साचा आणि बॅटऱ्याच मागितल्यास तू," तो पुटपुटला.

"हो. आणि ज्याला मागितले त्यालाच लावायचे. नियम आहे, तूच म्हणालास."

"अहो, सही करू नका!" वहिनी कडाडली. "ह्या कागदानं संस्था बुडेल! लोक म्हणतील नऊशे यंत्रं पाण्यात घातली! मी कुठं तोंड दाखवू?"

"जिथं हसरे फोटो दाखवलेत तिथंच दाखवा!"

"तुझी जीभ फार..."

"माझी जीभ? आणि तुमची? तीन वर्षं..."

दादानं बहिणीच्या टेबलावर कागद टेकवला आणि सही करून टाकली. सही करताना त्यानं ह्या वेळीही दोघींकडे पाहिलं नाही. खुर्चीतल्या मुलीकडे तेवढं पाहिलं.

"केलीत?" वहिनीचा आवाज फाटला. "बरं! एक जरी देणगीदार तुटला ना, तर लक्षात ठेव, पहिलं कुलूप ह्याच खोलीला!"

"लावा! किल्ली माझ्याकडे आहे!"

मुलीनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. ती वहिनीकडे बघायची, मग ताईकडे, आवाज जिकडून येईल तिकडे मान वळवत. तिची हनुवटी थरथरायला लागली.

आई भिंतीपासून पुढे आली आणि तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता हळू," ती म्हणाली. "तिला ऐकू येतंय."